राहिलेलं व्याज: सुधारित रिटर्न की नोटिशीला उत्तर?

प्राप्तिकर रिटर्नमधून अनेकदा निसटतं ते पुनर्गुंतवणुकीच्या मुदत ठेवीवरचं व्याज. पैसे हाती येतात मुदत संपल्यावर, पण बँक दरवर्षी जमलेल्या व्याजावर टीडीएस कापते आणि ते व्याज खातेदाराच्या एआयएसमध्ये उमटतं.

समजा, जुन्या करप्रणालीतल्या, 20 टक्के टप्प्यातल्या एका नोकरदाराने 2024-25 या आर्थिक वर्षाचं रिटर्न मुदतीत भरलं. ऑक्टोबरमध्ये एआयएस उघडलं तर 64,000 रुपये व्याज आणि 6,400 रुपये टीडीएस. रिटर्नमध्ये दोन्ही नाहीत. उपकरासह या व्याजावरचा कर 13,312 रुपये. टीडीएस वजा करून उरतात 6,912. पगारावरचा कर पूर्ण कापला गेला असेल तर उरलेली रक्कम 10,000 पेक्षा कमी असल्याने आगाऊ कर न भरल्याचं व्याजही लागत नाही.

इथे सुधारित रिटर्नच योग्य. या वर्षासाठी ते 31 डिसेंबर 2025 पर्यंत कोणतीही फी न देता भरता येत होतं. आधी स्वयंनिर्धारण कराचं चलन भरायचं, मग कलम 139(5) निवडून मूळ पावतीचा क्रमांक आणि तारीख टाकायची. फक्त व्याजाची ओळ वाढवून भागत नाही, संपूर्ण रिटर्न पुन्हा भरावं लागतं. 30 दिवसांत ई-व्हेरिफिकेशन करायचं; ते राहूनच गेलं तर ही सगळी मेहनत वाया जाते.

विभागाकडून व्याजाबद्दल विचारणारा ई-मेल किंवा एसएमएस आला, तरी मुदत शिल्लक असेपर्यंत मार्ग तोच. बरेच जण इथे पोर्टलवर ‘माहिती बरोबर आहे’ एवढं कळवून निर्धास्त होतात. त्याने रिटर्नमधला आकडा बदलत नाही.

व्याज आपलं नसेल तेव्हा मात्र उलट करावं. संयुक्त ठेवीत पैसे आईचे, पण पहिलं नाव मुलाचं, म्हणून सगळं व्याज मुलाच्या एआयएसमध्ये. किंवा एकच नोंद दोनदा. अशा वेळी रिटर्न सुधारून नको तो कर भरण्यात अर्थ नाही. एआयएसमध्ये त्या नोंदीवर आक्षेप नोंदवावा आणि बँकेचं व्याज प्रमाणपत्र जोडून उत्तर द्यावं.

छाननीची, म्हणजे 143(2) ची नोटीस आली की उत्तर टाळता येत नाही. निर्धारण पूर्ण होईपर्यंत आणि मुदत असेपर्यंत सुधारित रिटर्न भरता येतं, पण चूक स्वतःहून कबूल केल्याचं श्रेय उरत नाही. कमी उत्पन्न दाखवल्याबद्दल कलम 270अ खाली कराच्या 50 टक्के दंड होऊ शकतो. या उदाहरणात साधारण साडेसहा हजार. उत्तरात व्याज मान्य करून कराची आकडेमोड आणि भरलेलं चलन जोडावं. मुदत उलटली आणि नोटीसही नसेल, तर उरतं अद्ययावत रिटर्न. कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून पहिल्या बारा महिन्यांत त्यावर कर आणि व्याजाच्या 25 टक्के जादा भरावे लागतात.