दोघांनी लिहिले, एकाचेच उरले

ठाणे-कल्याण पट्ट्यातील अनेक लहान दुकानांत मालाची वही आता कागदाची राहिलेली नाही. गूगल शीटचे एक पान तयार करायचे, भावाला किंवा मुनीमाला त्यात लिहिण्याची परवानगी द्यायची, की ठाण्याची विक्री कल्याणच्या गोदामात दिसू लागते. गाडी बोगद्यात शिरली की फोनचे नेटवर्क जाते, हे आपण सारेच जाणतो. पण नेटवर्क नसताना लिहिलेल्या नोंदीचे काय होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मग भावाभावांत "आकडा तू खोडलास" असा वाद होतो, आणि खोडलेला तर कोणीच नसतो.

एक उदाहरण घेऊ. दोघा भावांचा बॅगांचा धंदा आहे. दुकान ठाण्यात, गोदाम कल्याणला एका इमारतीच्या तळघरात. सकाळी पानावर शिल्लक २४० बॅगा. साडेदहाला धाकट्याने गोदामातून डोंबिवलीच्या एका व्यापाऱ्याला ९० बॅगा दिल्या. तळघरात नेटवर्क नाही. पण पान त्याने Make available offline करून ठेवलेले, म्हणून फोनवर २४० दिसत होते. त्याने तिथे १५० लिहिले. इकडे पावणेबाराला थोरल्याने ६० बॅगा विकल्या आणि २४० च्या जागी १८० लिहिले. सव्वाबाराला धाकटा ठाण्यात उतरला, फोनला नेटवर्क मिळाले, आणि त्याचा १५० चा आकडा जाऊन १८० वर बसला.

खरी शिल्लक ९०. पान सांगते १५०. त्या भरवशावर थोरल्याने १२० बॅगांची ऑर्डर घेतली, तर ३० बॅगा आणायच्या कुठून?

शीटचा नियम साधा आहे. एकाच चौकटीत दोघांनी लिहिले, तर जो आकडा गूगलच्या संगणकावर शेवटी पोहोचतो तो राहतो. आधी कोणी लिहिले याला महत्त्व नाही. शिवाय यंत्राला १५० म्हणजे केवळ १५०; "९० गेले" हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही. पत्र लिहिण्याच्या गूगल डॉक्समध्ये अशी गफलत कमी होते, कारण तिथे प्रत्येक अक्षराची भर वेगळी धरून दोघांचे लिखाण एकमेकांत बसवले जाते. ही युक्ती अमेरिकेतील एलिस आणि गिब्ज यांनी १९८९ मध्येच मांडली होती. आकड्यांच्या चौकटीला ती उपयोगी पडत नाही. १८० आणि १५० यांतून ९० काढणे माणसाचेच काम.

दबलेला आकडा मात्र नष्ट होत नाही. संगणकावर पान उघडून त्या चौकटीवर माउसचे उजवे बटण दाबावे आणि Show edit history निवडावे. कोणी, केव्हा, कशाच्या जागी काय लिहिले ते दिसते. इथे १८० च्या जागी १५० आल्याचे दिसेल. दोघांना विचारून २४० मधून ६० आणि ९० वजा केले की हिशेब जुळला. सगळ्या पानाचा इतिहास File मधील Version history मध्ये असतो. तिथले Restore बटण घाईने दाबू नये. ते एक चौकट नव्हे, सगळी फाइल मागे नेते, आणि त्यानंतरच्या इतरांच्या नोंदीही समोरून जातात. (त्या इतिहासात राहतात, पण गोंधळ दुप्पट होतो.) जुना आकडा पाहून हाताने लिहिणेच बरे. जागा वाचवण्यासाठी जुन्या आवृत्त्या कधी कधी एकत्र केल्या जातात, म्हणून शोध लवकर घ्यावा.

एक नुकसान मात्र इतिहासालाही भरून काढता येत नाही. धाकट्याचा फोन नेटवर्क मिळण्याआधी बिघडला, किंवा त्याने ॲप काढून टाकले, तर त्याची नोंद गूगलपर्यंत पोहोचलेलीच नसते. मग ती कुठल्याच आवृत्तीत सापडणार नाही.

आमच्या मते खरी चूक शिल्लक लिहिण्यात आहे. जुन्या रोजमेळात आपण शिल्लक खोडून नवी लिहीत नव्हतो, प्रत्येक जावक वेगळ्या ओळीत मांडत होतो. शीटमध्येही तेच करावे. मात्र दोघांनी एकाच पानावर लिहू नये, कारण दोघेही तीच रिकामी ओळ धरतील आणि पुन्हा टक्कर होईल. ठाण्याचे पान वेगळे, कल्याणचे वेगळे. विकलेले नग C रकान्यात. तिसऱ्या पानावर B2 मध्ये सुरुवातीचा माल आणि शेजारी हे सूत्र:

```
=B2-SUM(Thane!C:C)-SUM(Kalyan!C:C)
```

धाकट्याचे ९० पावणेदोन तास उशिरा आले, तरी थोरल्याचे ६० जागेवर राहतात आणि शिल्लक ९० निघते. पावणेबारापासून सव्वाबारापर्यंत मात्र ठाण्यात १८० च दिसणार. म्हणून मोठी ऑर्डर कबूल करण्याआधी गोदामातल्या भावाला फोन लावावा. आणि तो लागला नाही, तर दिसणाऱ्या शिल्लकेवर ऑर्डर घेऊ नये.