पहिल्याच तासाला बंद पडणारा प्रोग्रॅम

अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या संपून पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू झाले, की महाविद्यालयांतले कोडिंग क्लब नव्या मुलांसाठी स्वागतसभा घेतात. सेमिनार हॉल गच्च भरतो. समोर बसलेल्यांत काहींनी अकरावी-बारावीला बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घेतलेलं असतं, त्यांना सी++ची तोंडओळख असते. उरलेल्यांनी आयुष्यात प्रोग्रॅमची एक ओळही लिहिलेली नसते. अशा सभेत मंचावरच्या सिनियरनं हॅकेथॉन, डीएसए, ओपन सोर्स, प्लेसमेंटचं पॅकेज असे शब्द एकामागून एक उच्चारले, की मागच्या रांगा गप्प होतात आणि पुढच्या बैठकीला त्यातले बरेच जण फिरकत नाहीत.

अशाच एका क्लबच्या तिसऱ्या वर्षातल्या प्रमुख मुलीनं स्वागताचं भाषण वेगळ्या रीतीनं केलं. तिनं स्लाइड दाखवल्या नाहीत. पडद्यावर पायथॉनसोबत मोफत येणारी आयडल ही साधी खिडकी उघडली आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं, "आता मी जो प्रोग्रॅम लिहिणार आहे तो चालणार नाही. तो का चालत नाही, हे तुम्ही मला सांगायचं आहे."

विषय तिनं मुलांच्या जिव्हाळ्याचा निवडला होता: हजेरी. किमान 75 टक्के हजेरी नसेल तर नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये लागतं, ही धास्ती मुलांना पहिल्या आठवड्यातच घातलेली असते. झालेले तास आणि हजर असलेले तास दिले, की टक्केवारी सांगणारा प्रोग्रॅम तिनं सगळ्यांसमोर टाइप केला.

```
झालेले = input("झालेले तास: ")
हजर = input("हजर तास: ")
print(हजर / झालेले * 100)
```

कोडमध्ये देवनागरी पाहून हॉलमध्ये कुजबुज झाली. पायथॉन 3 मध्ये नावं देवनागरीत ठेवता येतात. या तीन ओळींत पायथॉनचे स्वतःचे शब्द दोनच आहेत, `input` आणि `print`. बाकीची नावं लिहिणाऱ्यानं ठरवलेली आहेत. पुढे चारचौघांसोबत काम करताना ती रोमन लिपीत ठेवण्याची पद्धत आहे, कारण कोड सगळ्यांना वाचता यावा लागतो. पण इंग्रजी कच्चं असल्यानं कोडिंग जमणार नाही, अशी भीती घेऊन आलेल्या मुलांना पहिल्या दहा मिनिटांत हे दिसणं महत्त्वाचं होतं.

तिनं प्रोग्रॅम रन केला, 40 आणि 30 हे आकडे दिले. पडद्यावर लाल अक्षरं उमटली. नवखा विद्यार्थी हा लाल मजकूर पाहतो आणि वाचायच्या आधीच खिडकी बंद करतो. तिनं मात्र भाषणाचा सर्वांत जास्त वेळ याच मजकुरावर घालवला. तो कसा वाचायचा, याचा एक क्रम तिनं सांगितला. आधी शेवटची ओळ वाचायची, तिथे काय बिघडलं ते असतं. मग वर जाऊन `line` या शब्दापुढचा आकडा पाहायचा, तिथे कुठे बिघडलं ते असतं. इथे आकडा 3 होता आणि शेवटची ओळ अशी होती:

```
TypeError: unsupported operand type(s) for /: 'str' and 'str'
```

म्हणजे तिसऱ्या ओळीतल्या भागाकाराच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना `str` आहे आणि `str`ला `str`नं भागता येत नाही. `str` म्हणजे स्ट्रिंग, अक्षरांची माळ. कीबोर्डवरून आलेलं सगळं पायथॉन आधी अक्षरं म्हणूनच घेतो. त्याच्या लेखी 40 ही चाळीस संख्या नसून 4 आणि 0 ही शेजारी ठेवलेली दोन चिन्हं आहेत. हे पटावं म्हणून तिनं भागाकाराच्या जागी बेरीज करून दाखवली. `"40" + "30"` चं उत्तर 70 येत नाही, `4030` येतं. दोन माळा एकापुढे एक जोडल्या गेल्या. भागाकाराला पायथॉननं निदान नकार तरी दिला होता. बेरीज त्यानं निमूटपणे केली आणि अर्थ मात्र भलताच लावला. हा फरक लक्षात ठेवा, असं ती म्हणाली आणि पुढे सरकली.

दुरुस्ती छोटी होती. अक्षरांची पूर्णांक संख्या करायला `int` वापरायचं, म्हणजे दोन्ही ओळी `int(input(...))` अशा करायच्या. या वेळी 40 आणि 30 दिल्यावर `75.0` असं उत्तर आलं. टाळ्या पडल्या. तिनं त्या थांबवल्या आणि हा प्रोग्रॅम पुन्हा बंद पाडून दाखवा, असं आव्हान मुलांना दिलं.

इथून हॉलचा नूर पालटला. कुणीतरी "तीस" असं अक्षरांत टाइप करायला सांगितलं. `ValueError` आला आणि त्याच ओळीत पायथॉननं `'तीस'` हा न समजलेला शब्दही जसाच्या तसा दाखवला. दुसऱ्यानं देवनागरी आकड्यांत ३० लिहायला लावलं. हेही अडणार, असा बहुतेकांचा अंदाज होता. पण प्रोग्रॅम बिनतक्रार चालला, कारण `int` देवनागरी अंक ओळखतो. मग एका मुलीनं विचारलं, "ताई, एकही तास झालेला नसेल तर?" झालेले तास 0 दिल्यावर `ZeroDivisionError: division by zero` आला. शून्यानं भागता येत नाही, हे शाळेपासून माहीत असलेलं गणित लाल अक्षरांत समोर होतं. आता ही ओळ वाचायला कुणाची मदत लागली नाही.

एवढ्यावर भाषण संपवता आलं असतं. पण यापुढचा भाग त्याहून मोलाचा होता आणि नवख्यांच्या स्वागतात तो सहसा वगळला जातो. तिनं टक्केवारी `टक्के` या नावात साठवली आणि निर्णय देणाऱ्या चार ओळी जोडल्या.

```
if टक्के > 75:
    print("परीक्षेला बसता येईल")
else:
    print("डिफॉल्टर")
```

पुन्हा 40 आणि 30. उत्तर आलं: डिफॉल्टर. लाल अक्षर एकही नाही, प्रोग्रॅम कुठे अडला नाही. तरीही निकाल चुकीचा आहे. नियम किमान 75 चा आहे, त्यामुळे बरोबर 75 टक्के असलेला विद्यार्थी पात्र आहे. `>` म्हणजे 75 पेक्षा जास्त. हवं होतं `>=`, म्हणजे 75 किंवा त्याहून जास्त. एका चिन्हाच्या फरकानं खरोखरच्या यादीत कुणाचं तरी नाव लागलं असतं आणि यंत्रानं कसलीही सूचना दिली नसती.

ही चूक पकडायची कशी? उत्तर हातानं काढता येईल असे आकडे आधी निवडायचे आणि ते सीमेच्या आसपासचे असायला हवेत. 40 तासांपैकी 29 म्हणजे 72.5 टक्के, 30 म्हणजे 75, 31 म्हणजे 77.5. अपेक्षित निकाल कागदावर लिहायचे आणि मगच प्रोग्रॅम चालवायचा. फक्त 20 आणि 38 देऊन पाहिलं असतं तर दोन्ही उत्तरं बरोबर आली असती आणि चूक लपून राहिली असती. नंतर तिनं आकडे उलटे दिले, झालेले 30 आणि हजर 40. हजेरी 133 टक्क्यांवर गेली आणि प्रोग्रॅमनं परीक्षेला बसायची परवानगीही दिली. झाले त्याहून जास्त तासांना कुणी हजर राहू शकत नाही, हे माणसाला सांगावं लागत नाही. प्रोग्रॅमला ते लिहून द्यावं लागतं.

अशा मुक्या चुका मोठमोठ्या प्रकल्पांतही झाल्या आहेत. तिनं नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटरचं उदाहरण दिलं. पृथ्वीवरचं एक सॉफ्टवेअर यानाच्या छोट्या इंजिनांनी दिलेल्या धक्क्याचे आकडे पाउंड-सेकंदांत देत होतं, तर मार्ग ठरवणारं सॉफ्टवेअर ते न्यूटन-सेकंदांत आहेत असं धरून चाललं होतं. या दोन एककांत सुमारे साडेचार पटींचा फरक आहे. आकडे आकड्यांसारखेच दिसत होते, म्हणून कुठलाही प्रोग्रॅम बंद पडला नाही. मंगळाच्या पृष्ठभागापासून सुमारे 226 किलोमीटरवरून जायचं यान साधारण 57 किलोमीटरपर्यंत खाली गेलं आणि 23 सप्टेंबर 1999 रोजी त्याच्याशी संपर्क कायमचा तुटला. हजेरीच्या प्रोग्रॅममध्ये उलटे पडलेले दोन आकडे आणि ही दुर्घटना यांचं मूळ एकच आहे: संख्येमागचा अर्थ यंत्राजवळ नसतो, तो लिहिणाऱ्यानं सांभाळायचा असतो.

शेवटच्या काही मिनिटांत तिनं क्लबमध्ये मदत कशी मागायची, ते सांगितलं. "दादा, चालत नाहीये" असा निरोप आणि सोबत मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा अंधूक फोटो पाठवला, तर सिनियरलाही काही करता येत नाही. पाठवायच्या गोष्टी चार: कोड मजकुराच्या रूपात, एररचा पूर्ण मजकूर, कोणते आकडे दिले होते आणि कोणतं उत्तर अपेक्षित होतं. हे चार तुकडे गोळा करतानाच पुष्कळदा चूक लिहिणाऱ्याच्या स्वतःच्याच लक्षात येते, हा प्रोग्रॅमरांचा नेहमीचा अनुभव आहे.

पहिल्या आठवड्याचं काम तिनं हजेरीच्या प्रोग्रॅमपुरतंच ठेवलं. तो कॉपी-पेस्ट न करता स्वतः टाइप करायचा, कारण सुटलेला कंस किंवा `if`च्या खाली राहिलेली मोकळी जागा टाइप करतानाच भेटते. रन करण्याआधी उत्तराचा अंदाज वहीत लिहायचा. झालेले तास शून्य असतील किंवा हजर तास त्याहून जास्त असतील, तर प्रोग्रॅमनं काय म्हणावं ते ठरवून तशा ओळी घालायच्या. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांच्यासाठी महाविद्यालयाची लॅब आहे. इंग्रजीतलं निवेदन ज्यांना जड जातं त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी निवेदनातले मोफत धडे आहेत.

या भाषणानंतर कुणी प्रोग्रॅमर होत नाही. लूप, फंक्शन, याद्या हे सगळं अजून शिकायचं असतं आणि त्याला महिने लागतात. पण कोड पहिल्यांदाच पाहणारी मुलं हॉलमधून निघताना एररची शेवटची ओळ वाचू शकतात आणि उत्तर आलं म्हणजे ते बरोबरच असेल असं धरत नाहीत. ज्या क्लबांच्या स्वागतसभा अजून व्हायच्या आहेत, त्यांनी बक्षिसांच्या आणि पॅकेजच्या स्लाइड बाजूला ठेवून आपल्या मुलांसमोर असा एक तीन ओळींचा प्रोग्रॅम बंद पाडून दाखवावा.