ऑक्टोबरात कामाचे दिवस नक्की किती?

ऑक्टोबर २०२५मध्ये महाराष्ट्रात कामाचे दिवस किती होते? राज्य सरकारच्या कार्यालयात १९, शेअर बाजारात २० आणि बँकेत २२. महिना तोच, कॅलेंडर तेच आणि तिन्ही उत्तरं बरोबर आहेत.

दोन तारखांमधले कामाचे दिवस मोजणं हे खरं तर दोन वेगळ्या जातीचं काम आहे. शनिवार-रविवार वगळणं हा शुद्ध हिशेब आहे. शंभर वर्षांपूर्वीचा किंवा शंभर वर्षांनंतरचा महिना दिला तरी तो करता येतो. सुट्ट्यांना मात्र कसलंच सूत्र नसतं. त्या कोणीतरी जाहीर केलेल्या असतात, कोणासाठी तरी आणि कुठल्या तरी भागापुरत्या. गोंधळ होतो तो जवळजवळ नेहमी या दुसऱ्या भागात.

आधी सोपा भाग. १ ऑक्टोबर २०२५ला बुधवार होता. महिन्याचे दिवस ३१, म्हणजे चार पूर्ण आठवडे आणि वर तीन दिवस. पूर्ण आठवडा कुठल्याही वारापासून सुरू होवो, त्यात सोमवार ते शुक्रवार पाचच येतात. म्हणून चार आठवड्यांचे वीस. उरले २९, ३० आणि ३१. ते बुधवार, गुरुवार, शुक्रवार, म्हणजे तिन्ही कामाचे. एकूण २३. एकेका तारखेवर बोट ठेवत जायची गरज नाही. उरलेल्या तीन-चार दिवसांचे वार तेवढे नीट बघायचे.

आता सुट्ट्या. राज्य शासन दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना काढतं, ती १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम २५खाली. हा कायदा मुळात हुंडी, धनादेश आणि वचनचिठ्ठ्यांचा. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी संपली तर पैसे कधी द्यायचे, हे ठरवण्यासाठी सुट्टी म्हणजे काय ते सांगावं लागलं. (उत्तर गमतीचं आहे: आदल्या कामाच्या दिवशी.) २०२५च्या यादीत २४ सुट्ट्या होत्या. ऑक्टोबरातल्या चार: महात्मा गांधी जयंती, दसरा, लक्ष्मीपूजन आणि बलिप्रतिपदा.

२३ वजा ४, म्हणजे १९? इथेच पहिला पाय घसरतो. गांधी जयंती आणि दसरा दोन्ही २ ऑक्टोबरलाच आले होते. यादीत ओळी चार, तारखा तीन. म्हणून उत्तर २०. त्या वर्षी स्वातंत्र्यदिन आणि पारशी नववर्ष हेही १५ ऑगस्टला एकत्र आले. शिवाय प्रजासत्ताक दिन, गुढीपाडवा, रामनवमी आणि मोहरम रविवारी आले, बकरी ईद शनिवारी. शनिवार-रविवार एकदा वजा केल्यावर या पाच सुट्ट्या पुन्हा वजा करता येत नाहीत. म्हणजे २४ सुट्ट्यांच्या त्या यादीने सोमवार ते शुक्रवारमधले फक्त १७ दिवस घेतले. यादीतल्या ओळी मोजून वजाबाकी करणारा वर्षाच्या हिशेबात सात दिवसांनी चुकला असता.

मग सरकारी कार्यालयाचे १९ कसे? भाऊबीजेमुळे. २३ ऑक्टोबरची सुट्टी शासनाने आपल्या कार्यालयांना वेगळी दिली होती. बँकांच्या यादीत ती नव्हती. शेअर बाजार त्या दिवशी सुरू होता, म्हणून त्याचे २०. (लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुहूर्ताचे सौदे तासाभरासाठी होतात, पण तो दिवस सुट्टीतच धरतात.) बँकेचं गणित तर वारापासूनच बदलतं. सप्टेंबर २०१५पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते, बाकीचे कामाचे. ४ आणि १८ ऑक्टोबरचे शनिवार मिळवले की २३चे २५ होतात, त्यातून तीन सुट्ट्या गेल्या की २२. राज्य सरकारची बहुतेक कार्यालयं मात्र २९ फेब्रुवारी २०२०पासून पाच दिवसांच्या आठवड्यावर आहेत.

एक्सेलमध्ये हे काम एका ओळीत होतं. B1मध्ये सुरुवातीची तारीख, B2मध्ये शेवटची आणि H रकान्यात सुट्ट्यांच्या तारखा असतील, तर:

```
=NETWORKDAYS.INTL(B1,B2,1,H2:H26)
```

मधला 1 म्हणजे शनिवार-रविवार सुट्टी. बँकेसाठी तिथे 11 लिहायचा, म्हणजे फक्त रविवार वगळला जातो. मग दुसरे-चौथे शनिवार सुट्ट्यांच्या यादीत हाताने भरायचे. रविवारी आलेल्या सुट्टीची काळजी सूत्र स्वतः घेतं.

पण भरलेली तारीख खरी आहे का, हे सूत्राला कळत नाही. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस, तर 02-10-2025 असं टाइप केल्यावर ती १० फेब्रुवारी होऊन बसते. कुठे लाल खूण नाही, तक्रार नाही. दसरा कामाचा दिवस ठरतो आणि फेब्रुवारीत एक भलताच सोमवार सुट्टीचा होतो. 21-10-2025ची तशी अडचण होत नाही, कारण एकविसावा महिनाच नसतो. ती नोंद तारीख न होता नुसता मजकूर राहते आणि चौकटीत डावीकडे सरकलेली दिसते. चूक पकडायचा खात्रीचा उपाय म्हणजे शेजारच्या रकान्यात =TEXT(H2,"dddd") लिहून वार काढणं. शासनाच्या यादीत प्रत्येक सुट्टीचा वार छापलेला असतो. तिथे गुरुवार आणि पडद्यावर सोमवार दिसला की तारीख फिरली आहे.

दोन्ही टोकं धरायची की नाही, हा आणखी एक प्रश्न. एक्सेल पहिला आणि शेवटचा असे दोन्ही दिवस मोजतं. पायथॉनच्या नमपायमधलं busday_count शेवटचा दिवस सोडून देतं; म्हणून १ ते ३१ ऑक्टोबर विचारलं तर सरकारी कार्यालयासाठी ते १८ सांगेल, कारण ३१ला शुक्रवार होता. कायद्याची रीत तिसरीच. १८९७च्या सामान्य वाक्खंड अधिनियमाच्या कलम ९प्रमाणे अमुक तारखे‘पासून’ असं म्हटलं की ती तारीख सोडून पुढे मोजतात. दोघांच्या उत्तरात एकाचा फरक आला, तर आधी टोकं तपासावीत.

आणि यादी छापल्यानंतरही बदलते. सप्टेंबर २०२५मध्ये ईद-ए-मिलादची सुट्टी ५ तारखेला, शुक्रवारी होती. ६ तारखेला अनंत चतुर्दशी, म्हणजे गणपती विसर्जन, म्हणून मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांपुरती ती सोमवारी, ८ तारखेला हलवली. बाकी राज्यात ५ तारीखच राहिली. ५ सप्टेंबरचा शुक्रवार पुण्याच्या सरकारी कार्यालयात सुट्टीचा झाला आणि मुंबईत कामाचा. जानेवारीत भरलेल्या तक्त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

त्यामुळे करारात किंवा निविदेत ‘कामकाजाचे पंधरा दिवस’ असं लिहिताना कुठल्या कार्यालयाची आणि कुठल्या जिल्ह्याची सुट्ट्यांची यादी धरायची, तेही तिथेच लिहून घ्यावं. यादी संपते त्या तारखेवरही लक्ष ठेवावं. २०२५च्या यादीतली शेवटची नोंद २५ डिसेंबरची आहे. नवी यादी न जोडता हिशेब जानेवारीत नेला, तर एक्सेल २६ जानेवारी २०२६चा सोमवार कामाचा दिवस म्हणून मोजेल.