पावतीवरचे तीन आकडे आणि मीटरवरचा चौथा

पेट्रोल पंपावरच्या पावतीत बरंच काही छापलेलं असतं. पंपाचं नाव, व्हॅट क्रमांक, नोझलचा क्रमांक, तारीख, वेळ, इंधनाची घनता, कधी गाडीच्या नंबरापुढे 'नॉट एंटर्ड' असा शेरा. गाडीच्या ॲव्हरेजची वही ठेवणाऱ्याला त्यातले तीनच आकडे हवे असतात: किती लिटर, काय दराने आणि किती रुपयांचं. चौथा आकडा, म्हणजे भरतेवेळी गाडी एकूण किती किलोमीटर चालली होती, हा साधारणपणे पावतीवर नसतो. तो गाडीच्या मीटरवरून घ्यावा लागतो. पंपावर उभं राहून लिहीत बसायला वेळ नसतो, मागे रांग असते. म्हणून बहुतेक जण मोबाइलवर फोटो काढतात आणि रात्री किंवा महिनाअखेरीला आकडे वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये उतरवतात. काही जण फोनमधली फोटोतला मजकूर ओळखणारी सोय वापरतात. उतरवणारा माणूस असो की फोन, चुका त्याच जागी होतात.

फोटो मात्र लगेच काढावा. बऱ्याच पंपांवरची पावती थर्मल कागदावर असते. त्यावर शाई नसते. कागदावरचा रासायनिक थर उष्णतेने काळा पडतो आणि अक्षर उमटतं. तोच थर ऊन, तेलकट हात आणि प्लॅस्टिकच्या पाकिटातली रसायनं यांनी फिका होत जातो. पावती जपायची म्हणून प्लॅस्टिकच्या कव्हरात घातली, तर ती कव्हरातच पुसट होऊ शकते. गरम लॅमिनेशन तर सगळा कागदच काळा करतं. कागद सीटवर सपाट धरून, बरोबर वरून, फ्लॅश न लावता फोटो घ्यावा. गुंडाळी झालेल्या पावतीचा तिरका फोटो घेतला की कडेचे आकडे आकसतात, आणि रक्कम व लिटर नेमके उजव्या कडेलाच छापलेले असतात.

आता एक पावती घेऊ. मुंबईत जुलै २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत पेट्रोलचा दर लिटरला १०६ रुपये ३१ पैसे असा स्थिर होता. त्या काळात मोटारसायकलमध्ये पाचशेचं पेट्रोल भरलं, तर पावतीवर दर १०६.३१, लिटर ४.७० आणि रक्कम ५००.०० असे आकडे येतात. कॅल्क्युलेटरवर ४.७० गुणिले १०६.३१ केलं की उत्तर येतं ४९९ रुपये ६६ पैसे. पाचशेला ३४ पैसे कमी. यात पंपाने काही खाल्लेलं नाही. पाचशे भागिले १०६.३१ म्हणजे ४.७०३ लिटर, आणि पावती लिटरचे दोनच दशांश छापते. तिसरा दशांश गळला, त्याचे ते ३४ पैसे. लिटरमधली ही छपाईची सूट फार तर अर्ध्या शतांश लिटरची असते, म्हणजे या दराला सुमारे ५३ पैसे.

पावतीची खरी मौज इथे आहे. तीन आकडे एकमेकांचे साक्षीदार आहेत. लिटर गुणिले दर ही रक्कम पावतीवरच्या रकमेपासून ५३ पैशांपेक्षा जास्त दूर गेली, तर तिघांपैकी एक चुकीचा वाचला गेला आहे, हे नक्की समजावं. स्प्रेडशीटमध्ये लिटर C, दर D आणि रक्कम E या रकान्यांत असेल, तर दुसऱ्या ओळीसाठी तपासणी अशी लिहिता येते:

```
=ABS(C2*D2-E2)<=0.005*D2+0.01
```

उत्तर TRUE आलं तर नोंद ठेवावी, FALSE आलं तर फोटो पुन्हा मोठा करून पाहावा.

या एका गुणाकारात किती प्रकारच्या चुका सापडतात पाहा. फिक्या छपाईत दशांश चिन्ह सगळ्यात आधी उडतं आणि ४.७० चे ४७० होतात. ते लगेच पकडलं जातं. दरातल्या तीनाचा आठ झाला, १०६.८१, की गुणाकार ५०२ वर जातो. हीही चूक सापडते. मजकूर ओळखणारी सोय रुपयाच्या चिन्हाला कधी कधी अंक समजते आणि पाचशेचे अडीच हजार किंवा साडेसात हजार करते. तेही उघडं पडतं. घनतेचा घोटाळाही असाच. पेट्रोलची घनता घनमीटरला सातशे वीस ते पाऊणेआठशे किलोच्या आसपास असते, त्यामुळे पावतीवर ७४५.२ असा आकडा दिसतो आणि घाईत तो रकमेसारखा वाटतो. काही पावत्यांवर पंपाच्या यंत्राची आजवरची एकूण विक्रीही छापलेली असते, आणि ते लांबलचक आकडे लिटरच्या रकान्यात शिरू पाहतात. गुणाकार यातलं काहीच आत येऊ देत नाही.

पण त्याचीही मर्यादा आहे. दरातला शेवटचा एक सात म्हणून वाचला, म्हणजे १०६.३१ चे १०६.३७ झाले, तर गुणाकार ४९९.९४ येतो, खऱ्या दरापेक्षाही पाचशेच्या जवळ. ४.७० लिटर आणि पाचशे रुपये यांच्याशी १०६.२७ पासून १०६.४९ पर्यंतचा कुठलाही दर जुळतो. म्हणजे पुसलेले लिटर रक्कम आणि दरावरून नेमके काढता येतात, पण पुसलेला दर लिटर आणि रकमेवरून पैशापर्यंत काढता येत नाही. तो त्याच शहरातल्या त्या दिवसाच्या जाहीर दरावरून घ्यावा. १६ जून २०१७ पासून देशभर पेट्रोल-डिझेलचे दर रोज सकाळी सहाला ठरतात, त्यामुळे पावतीवरची वेळही पाहावी. पहाटे पाचची पावती आदल्या दिवसाच्या दराची असते.

रक्कम लिहिताना बँकेचा मेसेज पाहू नये. ५१६ रुपये ६७ पैसे झाले की माणूस यूपीआयने ५१७ किंवा ५२० देतो. वहीत पावतीवरची रक्कमच जावी, नाहीतर गुणाकार विनाकारण बिघडतो. पावती क्रमांकही एका रकान्यात टिपावा, म्हणजे एकाच पावतीचे दोन फोटो दोनदा चढत नाहीत.

मीटरच्या आकड्याला असा साक्षीदार नाही. फोटोतला सगळ्यात नाजूक आकडा हाच. जुन्या फिरत्या चाकांच्या मीटरवर शेवटचा वेगळ्या रंगाचा अंक किलोमीटरचा दहावा भाग असतो. तो धरला की गाडी दसपट चालल्यासारखी दिसते. दोन अंकांच्या मधे अडकलेलं चाक कोणता अंक मानायचा, हा प्रश्नही तिथे येतो. डिजिटल मीटरवर काचेची चमक एखादी रेघ पुसते आणि आठाचा सहा किंवा शून्य होतो. शिवाय बटण दाबलं गेलं असेल, तर समोर एकूण किलोमीटरऐवजी ट्रिपचे किलोमीटर असतात. म्हणून मीटरच्या फोटोत 'ओडो' हे अक्षर आलंच पाहिजे, आणि जमलं तर पावती मीटरच्या काचेशेजारी धरून दोन्हींचा एकच फोटो घ्यावा. मग कुठली पावती कुठल्या किलोमीटरची, हा गोंधळ होत नाही. वेगवेगळे फोटो असतील तर ते वेळेवरून जुळवता येतात, पण व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की त्यातली मूळ वेळ निघून जाते; कुणाला पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

आता चारही आकड्यांतून ॲव्हरेज काढू. आपल्याकडे टाकी दर वेळी फुल्ल होत नाही. पाचशेचं, दोनशेचं असं भरायची पद्धत आहे. त्यामुळे वहीत पाचवा रकाना हवा: टाकी फुल्ल झाली की नाही. पावती हे सांगत नाही, आणि नंतर आठवतही नाही.

समजा, १८,४१२ किलोमीटरला मोटारसायकलची टाकी फुल्ल केली. पुढे १८,७३२ ला पाचशेचं, म्हणजे ४.७० लिटर भरलं. मग १८,९३० ला पुन्हा फुल्ल केली, ४.८६ लिटर, ५१६ रुपये ६७ पैसे. पावतीपुरता हिशेब केला, तर पहिल्या टप्प्यात ३२० किलोमीटर भागिले ४.७०, म्हणजे लिटरला ६८ किलोमीटर. दुसऱ्यात १९८ भागिले ४.८६, म्हणजे जेमतेम ४१. दोन्ही आकडे निरर्थक आहेत, कारण पाचशेचं भरलं तेव्हा टाकीत किती उरलं होतं हे कुणालाच ठाऊक नाही. फुल्ल ते फुल्ल धरलं, की अंतर ५१८ किलोमीटर आणि मधलं सगळं पेट्रोल ९.५६ लिटर. ॲव्हरेज ५४.२. खर्च किलोमीटरला एक रुपया शहाण्णव पैसे.

यातून मीटरच्या वाचनाबद्दलही एक गोष्ट कळते. मधला १८,७३२ हा आकडा चुकून १८,७९२ वाचला गेला, तरी ॲव्हरेजला धक्का लागत नाही, कारण तो हिशेबात येतच नाही. टाकी फुल्ल झाल्याचे आकडे मात्र डोळ्यांत तेल घालून वाचायचे. शेवटचा १८,९३० हा १८,९८० झाला, तर ॲव्हरेज ५९.४ दिसतं. आकडा मागच्यापेक्षा मोठा आहे, उत्तरही अशक्य नाही. चूक आत शिरते.

ती पुढच्या फुल्ल टाकीला उघडी पडते. समजा १९,४५० ला टाकी पुन्हा फुल्ल झाली आणि ९.६० लिटर बसले. खरं ॲव्हरेज पुन्हा ५४.२ आहे, पण मागचा चुकीचा आकडा धरल्यामुळे ते ४९ दिसतं. एकदा एकदम जास्त आणि लगेच पुढे एकदम कमी, अशी जोडी आली की मधल्या मीटरचा फोटो पुन्हा उघडावा. तिथे तीनाचा आठ झालेला सापडतो. नुसतंच एकदा जास्त आलं आणि पुढे सगळं सुरळीत चाललं, तर एखादी पावती नोंदवायची राहिली आहे. वरच्या उदाहरणात पाचशेची पावती गळली, तर ५१८ भागिले ४.८६ म्हणजे १०७ किलोमीटर येतं. इतकं मोठं उत्तर कुणीही पकडेल. दोनशेची पावती गळली तर ते शोधायला लागतं.

थोडं वर-खाली होणं मात्र चूक नसते. दुचाकीत फुल्ल टाकी डोळ्यांनीच ठरते. गाडी साइड स्टँडवर तिरकी होती की मेन स्टँडवर सरळ, एवढ्यानेही पाव लिटरभर फरक पडू शकतो. साडेनऊ लिटरच्या टप्प्यात तेवढ्याने ॲव्हरेज दीड किलोमीटरने हलतं. दोन लिटरच्या टप्प्यात ते पार कोलमडतं. म्हणून लहान टप्प्यांवरून निष्कर्ष काढू नये, तीन-चार फुल्ल टाक्यांची बेरीज एकत्र करून पाहावी. याच कारणाने वहीच्या जोरावर पंपवाल्याशी भांडता येत नाही. पाच लिटरच्या मापात पंपाला २५ मिलिलिटरपर्यंतची चूक माफ असते, म्हणजे अर्धा टक्का. आपल्या ५४ किलोमीटरच्या ॲव्हरेजमध्ये ती पाव किलोमीटर होते आणि टाकी भरण्याच्या फरकात बुडून जाते. मापाबद्दल शंका असेल, तर पंपावर ठेवलेलं पाच लिटरचं प्रमाणित माप मागून समोर भरून पाहावं.

पावती हरवली, फोटोही नाही आणि यूपीआयच्या मेसेजमध्येही ती रक्कम सापडत नाही, असं झालं तर अंदाजाने लिटर भरू नयेत. तो टप्पा वहीत 'अपुरा' म्हणून सोडावा आणि पुढच्या फुल्ल टाकीच्या किलोमीटरपासून हिशेब नव्याने सुरू करावा.