अकरा तारखेची पावती

दूध संकलन केंद्रावर सकाळी सहाला रांग लागते. कॅन काट्यावर ठेवायचा, नमुना यंत्रात घालायचा, फॅट आणि एसएनएफ आले की दर ठरतो आणि पावती निघते. एरवी ती सेकंदाच्या आत हातात पडते. पण आमच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या केंद्रांतून महिन्यात तीन दिवस ठरलेली तक्रार यायची: आज पावतीला आठ-दहा सेकंद लागतायत. एका माणसामागे दहा सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण रांगेत दीडशे माणसं असली की पंचवीस मिनिटं झाली, आणि दूध उन्हात.

ते तीन दिवस म्हणजे एक, अकरा आणि एकवीस तारीख. दुधाचं बिल दहा दिवसांचं असतं, त्यामुळे या सकाळी हिशोबनीस मागच्या दहा दिवसांच्या बिलाचा रिपोर्ट काढतात. पावत्या ज्या डेटाबेसवर लिहिल्या जात होत्या, त्याच्यावरच हा रिपोर्टही धावत होता.

तो दुसरीकडे हलवू द्या, असं पत्र मी साहेबांना लिहिलं. पहिलं पत्र परत आलं, आणि ते बरोबरच होतं. त्यात ‘लोड’, ‘परफॉर्मन्स’ आणि नवीन सर्व्हरचं दरपत्रक एवढंच होतं. साहेबांनी समासात पेन्सिलने लिहिलं होतं, ‘रिपोर्टमुळेच होतं, हे कशावरून?’

प्रश्न रास्त होता. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस. त्यात वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही, म्हणजे रिपोर्ट चालू असताना पावती कुलूप लागून थांबते, हे कारण इथे लागू नव्हतं. मग पावती रेंगाळते का? दोन गोष्टी असतात. पहिली सरळ आहे. डिस्क आणि प्रोसेसर एकच असतात. रिपोर्ट दहा दिवसांच्या सगळ्या नोंदी उपसत असतो, आणि छोट्या पावतीला त्याच्या मागे उभं राहावं लागतं.

दुसरी गोष्ट लवकर लक्षात येत नाही. पोस्टग्रेस ओळ बदलताना जुनी खोडत नाही. नवी लिहितो आणि जुनी तशीच ठेवतो, कारण आधी सुरू झालेल्या एखाद्या रिपोर्टला ती अजून दिसायला हवी असते. कुणालाच नको झाल्या की ‘व्हॅक्यूम’ नावाची सफाई येऊन जुन्या ओळी मोकळ्या करते. आमच्याकडे प्रत्येक पावतीला उत्पादकाच्या चालू जमेची ओळ बदलते. रिपोर्टची खिडकी उघडी ठेवून हिशोबनीस चहाला गेले, की तो व्यवहार तसाच उघडा राहतो आणि तोवर सफाईला त्या जुन्या ओळींना हात लावता येत नाही. `pg_stat_activity` या यादीत अशा जोडणीपुढे `idle in transaction` असं लिहिलेलं दिसतं. आमच्याकडे एका अकरा तारखेला ते तब्बल तीन तास दिसत होतं.

तरीही हे सगळं अनुमानच होतं. म्हणून एकवीस तारखेला हिशोबनिसांना विनंती केली, ‘काका, आजचा रिपोर्ट दहानंतर काढाल का?’ ते कुरकुरले, पण थांबले. त्या सकाळी पावतीची वेळ इतर दिवसांसारखीच राहिली. पुढच्या एक तारखेला रिपोर्ट नेहमीच्या वेळी काढला, तर पावती पुन्हा रेंगाळली. दुसऱ्या पत्राचा पहिला परिच्छेद हाच होता, आणि त्यात तांत्रिक शब्द एकही नव्हता.

मग रोजच दहानंतर का काढू नये? साहेब हे विचारणार हे माहीत होतं, म्हणून उत्तर आधीच लिहिलं. त्याच दिवशी दुपारपर्यंत बिलं केंद्रांवर पोचवायची असतात, आणि रात्रीच काढून ठेवावीत तर फॅटच्या दुरुस्त्या सकाळी येतात. इंडेक्स नीट केला होता, त्याने रिपोर्टचा वेळ निम्म्यावर आला, पण तक्रार गेली नाही. उघडे व्यवहार आपोआप तोडायची मर्यादा लावली, तीही उपयोगी पडली, पण पुरेशी नव्हती. स्वस्त उपाय आधी करून पाहिले नसतील तर सर्व्हर मागू नये, असं माझं मत आहे.

मागणी काय होती, ते साहेबांना कळेल अशा भाषेत मांडलं. दुकानात व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरतो, मग खतावणीत. पोस्टग्रेसही प्रत्येक बदल आधी अशाच एका रोजकीर्दीत लिहितो. तिची नक्कल सतत दुसऱ्या सर्व्हरला पाठवली, की तो स्वतःची खतावणी तशीच भरत राहतो. या दुसऱ्या प्रतीला रेप्लिका म्हणतात. तिच्यावर फक्त वाचता येतं, आणि ही सोय पोस्टग्रेसमध्ये 2010 पासून आहे. रिपोर्ट तिथून वाचतील, मुख्य डेटाबेस पावत्यांपुरता राहील.

पत्राचा निम्मा भाग मात्र काय बिघडेल यावर होता. रेप्लिका थोडी मागे असते. किती मागे, ते तिच्यावरच विचारता येतं:

```sql
SELECT now() - pg_last_xact_replay_timestamp();
```

हा आकडा दुपारी फुगलेला दिसला तरी घाबरू नये. तेव्हा नवे व्यवहारच नसतात, म्हणून शेवटचा व्यवहार जुना दिसतो.

त्याहून त्रासाची गोष्ट अशी की मुख्य सर्व्हरवरची सफाई रोजकीर्दीतून रेप्लिकेवरही येते. तिथला रिपोर्ट त्याच जुन्या ओळी वाचत असेल तर दोघांत गाठ पडते. मूळ सेटिंगनुसार रेप्लिका अशा वेळी तीस सेकंदांपर्यंतच थांबते आणि मग रिपोर्ट तोडून टाकते. यावर `hot_standby_feedback` नावाचा उपाय सगळे सुचवतात. पण त्याने ‘या ओळी अजून हव्या आहेत’ असा निरोप मुख्य सर्व्हरला जातो, आणि ज्या कचऱ्यापासून सुटका हवी होती तो परत तिथेच साठतो. आम्ही `max_standby_streaming_delay` तासभर केलं. त्याची किंमत अशी, की रिपोर्ट चालू असताना रेप्लिका तासभरही मागे पडू शकते.

दोन कामं आमच्या माथी होती, तीही लिहिली. जुना रिपोर्ट तात्पुरतं टेबल बनवून हिशोब करायचा आणि रेप्लिकेवर ते बनवता येत नाही, त्यामुळे तो भाग नव्याने लिहायचा. आणि शेवटी ‘बिल झालं’ अशी खूण करायची असते, ती मुख्य सर्व्हरवरच. शिवाय एक वाक्य ठळक केलं: ‘सर, ही दुसरी प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली नोंद तिथूनही लगेच पुसली जाते.’ हे सांगितलं नाही तर रेप्लिका आली म्हणून बॅकअपचा खर्च कापला जातो, आणि ते मी एकदा पाहिलं आहे.

जमलं नाही तर? रिपोर्टच्या जोडणीचा पत्ता बदलून मुख्य सर्व्हरचा करायचा, काम पाच मिनिटांचं. बहुधा याच ओळीमुळे मंजुरी आली.

पुढच्या अकरा तारखेला पावत्या वेळेत निघाल्या. साडेनऊला मात्र काकांचा फोन आला. एका उत्पादकाची फॅट सकाळीच दुरुस्त केली होती, बिलात जुनीच होती. ते आधीच्या एका रिपोर्टमागोमाग बिलं काढत होते आणि तेव्हा रेप्लिका चौदा मिनिटं मागे होती. पत्रात आम्ही तासभर म्हटलं होतं खरं, पण पत्र साहेबांनी वाचलं होतं, काकांनी नाही. त्या संध्याकाळी रिपोर्टच्या माथ्यावर एक ओळ घातली, ‘हिशोब या वेळेपर्यंतचा’ आणि पुढे तास-मिनिटं. काका आता आधी ती ओळ पाहतात, आणि शेवटच्या दुरुस्तीची वेळ त्यानंतरची असेल तर चहा घेऊन येतात.