दिवस गेल्याचं कळण्याआधी

तिने टेबलावर प्लास्टिकची पिशवी उलटी केली. त्यातून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पडली, दुखण्याच्या गोळ्यांची अर्धी पट्टी पडली आणि कंबरेच्या एक्स-रेचं मोठं पाकीट. नवरा शेजारी गप्प उभा होता. ती म्हणाली, "डॉक्टर, मला काहीच माहीत नव्हतं हो. हे सगळं झालंय, आणि वर एका पार्टीत दोन ग्लास बिअरही घेतलीय. आई म्हणतात, बाळ व्यंगाचं निघण्यापेक्षा खाली केलेलं बरं. खाली करायचं का?"

स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून हा प्रश्न मी सतत ऐकते. इथे सांगते ती बाई कुणी एक नाही, अनेकींच्या हकिकती मी तिच्यात एकत्र केल्या आहेत. पण तिचा जीव जसा टांगणीला लागला होता, तसा प्रत्येकीचाच लागलेला असतो. अशा वेळी "काही होत नाही, घाबरू नका" एवढं म्हणून भागत नाही. कॅलेंडर काढून तारखा मांडाव्या लागतात.

तिची शेवटची पाळी ३ ऑगस्टला आली होती. पाळी नियमित, २८ दिवसांची. म्हणजे बीज सुटून गर्भ राहिला तो साधारण १७ ऑगस्टच्या सुमारास. आम्ही गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतो, त्यामुळे पहिले दोन आठवडे गर्भ नसतोच. इथेच पुष्कळ जणींचा घोटाळा होतो. पाळी संपल्यावर चार दिवसांनी घेतलेल्या गोळीने त्या घाबरतात, आणि तेव्हा बाळाचा पत्ताच नसतो. पाळी अनियमित असेल तर हा हिशेब चुकतो. म्हणून आधी सोनोग्राफी करून गर्भाची लांबी मोजायची आणि तारीख पक्की करायची. हिची सोनोग्राफी २० सप्टेंबरला केली. जवळजवळ सात आठवडे भरत आले होते, ठोके दिसत होते, तारखा जुळत होत्या.

२२ ऑगस्टला ती जिन्यावरून घसरली. कंबरेचे दोन एक्स-रे काढले, दुखण्याचं इंजेक्शन घेतलं, पाच दिवस गोळ्या घेतल्या. २४ ऑगस्टला पार्टी. एक्स-रेच्या दिवशी गर्भ जेमतेम पाच दिवसांचा होता, पार्टीच्या दिवशी सात. त्या वयात गर्भ म्हणजे पेशींचा एक इवलासा गोळा, गर्भाशयात नुकताच रुजू पाहणारा. त्यातल्या पेशींची कामं अजून वाटलेली नसतात. हृदय कुणी व्हायचं, हात कुणी व्हायचं, हे ठरलेलं नसतं. काही पेशी मेल्या तर उरलेल्या त्यांची जागा भरून काढतात. फारच पेशी गेल्या तर गर्भ टिकतच नाही, आणि पाळी थोडी उशिरा आली एवढंच बाईला कळतं. म्हणून गर्भ राहिल्यापासूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत घडलेल्या गोष्टीचा निकाल बहुधा आर किंवा पार असा लागतो. गर्भ टिकला, तर सहसा व्यंग घेऊन टिकत नाही. अपवाद आहे तो अंगात रेंगाळणाऱ्या औषधांचा, कारण ती पुढच्या आठवड्यांतही रक्तात असतात.

अवयव घडतात ते त्यानंतर, पाळीपासून मोजलं तर साधारण पाचव्या ते दहाव्या आठवड्यात. हा काळ किती नेमका असतो, ते जगाला थॅलिडोमाइडने दाखवलं. १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलेलं हे झोपेचं औषध गरोदर बायका उलट्यांसाठी घेत. हातापायांविना मुलं जन्मू लागली आणि १९६१ मध्ये ते मागे घेतलं गेलं. पुढे तारखा ताडून पाहिल्यावर कळलं की गर्भ राहिल्यापासून साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसाच्या आत गोळी पोटात गेली असेल, तरच ही व्यंगं होत होती. त्या सोळा-सतरा दिवसांत घेतलेली थोडीशी मात्राही पुरे होती. म्हणून "कुठलं औषध" या प्रश्नाला "कुठल्या दिवशी" हा प्रश्न जोडल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

एक्स-रेबद्दल तर किरणांचं मोजमापच करता येतं. गर्भापर्यंत पोचलेले किरण मिलिग्रे या मापात मोजतात. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून येणारे किरण सगळ्यांनाच लागतात. पोटातल्या बाळाला नऊ महिन्यांत ते अर्धा ते एक मिलिग्रे मिळतात. छातीच्या, दाताच्या किंवा हाताच्या एक्स-रेत गर्भाला मिळणारा अंश त्याहून फारच कमी, मोजण्यात न घेण्याइतका. कंबरेच्या एक्स-रेत गर्भ थेट किरणांच्या वाटेत येतो, तरी आकडा एक ते दहा मिलिग्रेच्या आत राहतो. व्यंगाचा धोका ५० मिलिग्रेच्या खाली वाढलेला दिसत नाही, आणि १०० च्या खाली केवळ किरणांच्या भीतीने गर्भपात करणं समर्थनीय नाही, असं किरण-संरक्षणाची आंतरराष्ट्रीय समिती सांगते. पुढे लहानपणी कॅन्सर होण्याचा धोका किंचित वाढू शकतो असं मानतात, पण तो मुळातच इतका विरळ आहे की किंचित वाढूनही विरळच राहतो. काळजीपूर्वक हिशेब करावा लागतो तो ओटीपोटाच्या सीटी स्कॅनचा, विशेषतः एकाहून जास्त वेळा झाला असेल तर, आणि कॅन्सरसाठी दिलेल्या किरणोपचारांचा.

भीतीचीही किंमत मोजावी लागते, आणि ती मोजली गेली आहे. १९८६ साली चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तेव्हा शेकडो कोस दूर ग्रीसमध्ये किरण पोचले ते अगदी थोडे, एका मिलिग्रेच्याही आत. पण अफवा पसरल्या, डॉक्टरही गोंधळले. नंतर तिथल्या संशोधकांनी जन्मनोंदी तपासून अंदाज काढला की सुमारे अडीच हजार हवेसे गर्भ केवळ भीतीपोटी पाडले गेले. माझ्यासमोर कुणी "खाली करायचं का" म्हणतं तेव्हा मला ही नोंद आठवते, आणि गळा दाटतो.

बिअरबद्दल मी तिला स्पष्ट सांगितलं. गरोदरपणात दारूचं सुरक्षित प्रमाण अजून कुणी दाखवून दिलेलं नाही, त्यामुळे आजपासून थेंबही नको. पण सातव्या दिवशीच्या दोन ग्लासांनी बाळाचं नुकसान झालं असं मानायला आधार नाही. ज्या दारूने मुलाच्या चेहऱ्यावर आणि मेंदूवर खुणा राहतात, ती आठवडे न् महिने चाललेली असते किंवा एका बैठकीत भरपूर घेतलेली असते. अशी सवय असेल तर ती न लपवता सांगायला हवी, कारण मेंदू नऊही महिने घडत असतो आणि कधीही थांबवली तरी उपयोगच होतो.

उरल्या पाळीच्या गोळ्या. घरी गौरी बसणार म्हणून तिने २८ ऑगस्टपासून नॉरएथिस्टेरॉन सुरू केलं आणि १२ सप्टेंबरला गौरी विसर्जन झाल्यावर थांबवलं. गणपती, तीर्थयात्रा, लग्नकार्य, आपल्याकडे या गोळ्या किती घरांत घेतल्या जातात! सुरू करण्याआधी तपासणी कुणी करत नाही. या संप्रेरकाने मुलीच्या बाह्य अवयवांवर पुरुषी छाप पडू शकते, हे खरं. पण ते मोठ्या मात्रेत, बराच काळ आणि पुढच्या आठवड्यांत घेतलं तर. गर्भात मुलगा-मुलगी असा बाह्य फरक दिसू लागायला नववा आठवडा उजाडतो. हिने गोळ्या बंद केल्या तेव्हा गर्भ चार आठवड्यांचाही नव्हता. दुखण्याच्या गोळ्याही इतक्या लवकर व्यंगासाठी ओळखल्या जात नाहीत. त्या टाळायच्या ते मुख्यतः पाचव्या महिन्यापासून पुढे.

ती रडायला लागली, सुटल्यासारखी. मी सवयीने विचारलं, "आणखी काही रोजचं औषध?"

"नाही. म्हणजे अर्धशिशीची गोळी आहे, ती वर्षभर चालूच आहे. ती काय, रोजचीच."

पर्समधून तिने पट्टी काढली. डायव्हॅलप्रोएक्स. म्हणजे व्हॅल्प्रोएट. जी गोळी तिने पिशवीतही टाकली नव्हती, तीच काळजीची निघाली.

कुठलंही औषध न घेता, कुठलाही एक्स-रे न काढताही शंभरातल्या दोन-तीन बाळांत मोठं व्यंग असतंच. व्हॅल्प्रोएट चालू असलेल्या आयांच्या मुलांत हे प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जातं. मात्रा कमी असेल तर धोका कमी, पण संपत नाही. मणक्याची नळी बंद न होणं हे त्यातलं ठळक व्यंग. शिवाय शंभरातल्या तीस-चाळीस मुलांना पुढे बोलण्यात, शिकण्यात, वागण्यात अडचणी येतात. मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ व्या दिवशी बंद होते. हिच्या बाबतीत तो दिवस १४ सप्टेंबरचा, सहा दिवसांपूर्वी उलटून गेलेला. फॉलिक अॅसिड मी त्याच दिवशी सुरू केलं, पण मणक्यासाठी त्याचा खरा उपयोग १४ तारखेच्या आधी होता, हेही तिला सांगितलं.

पण गोळी बंद करण्यात अर्थ होता, कारण मेंदूवरचा परिणाम पुढेही चालू राहतो. तिच्या मेंदूविकारतज्ज्ञांना मी तिथूनच फोन लावला. अर्धशिशीसाठी ही गोळी गरोदरपणात नकोच, त्यांनी ती लगेच थांबवायला सांगितली. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल. हीच गोळी फिट्ससाठी चालू असती तर मी तिला एक दिवसही स्वतःहून बंद करू दिली नसती. अचानक बंद केल्याने आलेली फिट आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकते. थायरॉइड, दमा, रक्तदाब यांची औषधंही घाबरून सोडायची नसतात. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या बदलाव्या लागतात, पण बदलून, बंद करून नव्हे. खरोखर चिंतेच्या औषधांची यादी लहान आहे: मुरुमांची आयसोट्रेटिनॉइन कॅप्सूल, मेथोट्रेक्सेट, वॉर्फरिन, व्हॅल्प्रोएट आणि फिट्सवरची आणखी काही. आणि दुकानातून परस्पर आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्या, ज्या घेऊनही गर्भ टिकला. ही शेवटची गोष्ट बायका लाजेने लपवतात. ती मात्र आवर्जून सांगावी.

बाराव्या आठवड्याला सोनोग्राफी झाली, डोक्याची कवटी नीट दिसली. सोळाव्या आठवड्याला रक्ताची तपासणी. एकोणिसाव्या आठवड्याला सविस्तर सोनोग्राफी. पडद्यावर मणका मानेपासून खालपर्यंत एकसंध दिसत होता, हृदयाचे चारही कप्पे होते, ओठ सलग होता. नवऱ्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं, "म्हणजे आता सगळं ठीक ना?"

मी म्हटलं, शरीर ठीक आहे. मेंदूचं काम कसं चालेल ते सोनोग्राफीत दिसत नाही. सात आठवड्यांनंतर गोळी पोटात गेलेली नाही, ही आपल्या बाजूची गोष्ट. बाळ वर्षाचं झालं की शब्द कधी येतात, दोन वर्षांचं झालं की दोन शब्द जोडतं का, हे बालरोगतज्ज्ञांकडून वेळेवर बघून घ्यायचं, आणि त्यांना या गोळीचं नाव सांगायचं. तिने फाइलच्या पुठ्ठ्यावर नाव लिहून घेतलं, शेजारी २० सप्टेंबर ही तारीख, आणि एक्स-रेचं पाकीट घरी न्यायला विसरली.