डिलिव्हरी व्हॉल्व्हला झडप म्हणू नका

निबंधात एकच शब्द पुन्हा पुन्हा आला की शिक्षक त्याखाली लाल रेघ ओढतात. म्हणून आपण पाण्याला जल, नीर, उदक असे प्रतिशब्द पाठ करतो. ललित लेखनात ही सवय कामाची आहे. पण तीच सवय घेऊन कोणी पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिका लिहायला बसला, तर वाचणाऱ्याचं नुकसान होतं.

विहिरीवरचा साधा सेंट्रिफ्यूगल पंप घेऊ. विहिरीत सोडलेल्या सक्शन पाइपच्या तळाशी फूट व्हॉल्व्ह असतो. तो पाइपमधलं पाणी परत विहिरीत जाऊ देत नाही. पंपातून शेताकडे जाणाऱ्या पाइपवर डिलिव्हरी व्हॉल्व्ह असतो, त्याला फिरवायचं चाक असतं. पंपाच्या वरच्या बाजूला हवा काढण्यासाठी छोटा एअर कॉक असतो. आत हवा असेल तर हा पंप पाणी खेचू शकत नाही, म्हणून चालू करण्याआधी तो पाण्याने भरावा लागतो. यालाच प्रायमिंग म्हणतात.

त्याचा क्रम ठरलेला आहे. डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद करायचा, एअर कॉक उघडायचा आणि पाणी ओतायचं. कॉकमधून बुडबुडे यायचे थांबून सलग पाणी आलं की एअर कॉक बंद करायचा. मग मोटर चालू करायची आणि तिने वेग घेतला की डिलिव्हरी व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. अशा पंपात पाणी जितकं जास्त वाहतं तितका मोटरवर भार वाढतो, म्हणून सुरुवातीला व्हॉल्व्ह बंद ठेवतात. मात्र तो फार वेळ बंद राहिला तर आतलं तेच पाणी घुसळून तापतं आणि सील खराब होऊ शकतं.

आता समजा, भाषा रुक्ष वाटू नये म्हणून लेखकाने पहिल्या सूचनेत ‘डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद करा’ असं लिहिलं आणि शेवटच्या सूचनेत त्यालाच ‘मुख्य कॉक हळूहळू उघडा’ असं म्हटलं. वाचणाऱ्याला कॉक एकच माहीत आहे, नुकताच बंद केलेला एअर कॉक. तो तोच उघडणार. तिथून पाण्याची चिळकांडी उडेल, डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंदच राहील आणि शेतात थेंबही पोचणार नाही. मग तो बिघाडांचं पान उघडेल. तिथे लिहिलेलं असेल, ‘पाणी येत नसल्यास झडप साफ करा.’ लेखकाच्या मनात तेव्हा गाळाने चोंदलेला फूट व्हॉल्व्ह आहे. पण मागच्या एका पानावर डिलिव्हरी व्हॉल्व्हलाही झडपच म्हटलेलं असेल, तर माणूस पाना घेऊन तोच खोलायला बसेल. यात वाचणाऱ्याची काहीच चूक नाही.

कथा वाचणारा पहिल्या पानापासून सुरू करतो, म्हणून ‘तो म्हातारा’ आणि ‘आबा’ एकच हे त्याला कळतं. माहितीपुस्तिका असं कोणी वाचत नाही. अडलं की तेवढंच पान उघडलं जातं, बहुतेकदा ओल्या हाताने आणि घाईत. नाव बदललं म्हणजे भाग बदलला, असंच तो धरून चालतो. दुकानातून सुटा भाग मागवायलाही तेच नाव लागतं.

क्रियापदांचाही असाच घोळ होतो, फक्त उलट दिशेने. ‘पंप बंद असल्यास’ म्हणजे बटण दाबून थांबवलेला की बिघडलेला? मराठीत दोन्ही अर्थ सहज निघतात. त्यामुळे मोटर ‘थांबवा’, व्हॉल्व्ह ‘बंद करा’ आणि नादुरुस्त यंत्राला ‘बिघडलेलं’ म्हणा, अशी वाटणी आधीच करून ठेवावी. एका गोष्टीला एक शब्द, आणि त्या शब्दाला तीच एक गोष्ट.

विमान उद्योगाने हा नियम लेखी घालून घेतला. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या तंत्रज्ञांनाही देखभालीची पुस्तकं नीट समजावीत म्हणून युरोपातल्या विमानकंपन्यांच्या मागणीवरून सोप्या तांत्रिक इंग्रजीचे नियम तयार झाले. त्यांची पहिली मार्गदर्शिका 1986 मध्ये निघाली. आज ते ASD-STE100 या नावाने ओळखले जातात. त्यांत ‘सुरू करणे’ यासाठी स्टार्ट हा एकच शब्द चालतो. बिगिन, कमेन्स, इनिशिएट हे चालत नाहीत. भागाचं नाव कंपनीने स्वतः ठरवावं, पण एकदा ठरलं की शेवटपर्यंत तेच वापरावं, असंही त्यांत सांगितलं आहे.

बाजारात मात्र त्याच भागाला गावोगावी वेगळी नावं असतात, हे खरं आहे. त्यांना जागा द्यायचीच. सुरुवातीला भागांच्या आकृतीशेजारी ‘डिलिव्हरी व्हॉल्व्ह (काही ठिकाणी गेट व्हॉल्व्ह म्हणतात)’ असं एकदा लिहावं. त्यानंतर कंसातलं नाव पुन्हा येऊ नये.

पुस्तिका लिहिणाऱ्यांना आणि तपासणाऱ्यांना एक विनंती आहे. छपाईआधी आकृतीतला एकेक भाग घ्या आणि त्याचा उल्लेख जिथे जिथे आला आहे तिथे पेन्सिलने खूण करा. एका भागाला दोन नावं सापडली, तर दुसरं खोडा आणि मगच प्रत छापायला द्या.